चाराच्या खाली गेलेला काटा : होपच्या उपकरणाचं एक प्रकरण

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत घडलेली ही गोष्ट. शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी तिथे दहावीला विज्ञान शिकवतो. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं हे दाखवणारा प्रयोग तीनदा केला, खरं तर चारदा. त्यातला जो सगळ्यात वाईट फसला त्यानेच तळं आणि समुद्र यांतला फरक दाखवला, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

## पार्श्वभूमी

दहावीच्या ‘उष्णता’ या पाठात पाण्याचं असंगत आचरण येतं. बहुतेक पदार्थ थंड केले की आकसत जातात. पाणीही आकसतं, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली ते पुन्हा फुगू लागतं आणि गोठताना तर एकदम नऊ टक्क्यांनी फुगतं, म्हणून बर्फ तरंगतो. याच्याच आधारे पुस्तकात सांगितलेलं असतं की थंड प्रदेशात तळ्याचा पृष्ठभाग गोठला तरी तळाशी ४ अंशांचं पाणी राहतं आणि मासे जगतात.

आमच्या मुलांनी गोठलेलं तळं पाहिलेलं नाही. इथे डिसेंबरच्या पहाटेसुद्धा फार तर स्वेटर लागतो. बर्फ मात्र ती रोज बघतात. बंदरावर लाद्या उतरतात, त्या मशीनमध्ये चुरून होडीच्या खणात भरल्या जातात. वर्गातल्या एका मुलाचे वडील बर्फाच्या कारखान्यात कामाला. त्यामुळे ‘बर्फ तरंगतो’ हे कुणाला शिकवावं लागत नाही. ४ अंशांची गोष्ट मात्र डोळ्यांनी दिसत नाही, आणि ती दाखवायची असेल तर होपचं उपकरण हवं.

शाळेत ते होतं, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, कागदात गुंडाळलेलं. पत्र्याचं उभं नळकांडं, दीड लिटर पाणी मावेल एवढं. वरच्या आणि खालच्या बाजूला एकेक भोक, त्यात बुचातून आडवे घातलेले तापमापक. मधोमध बाहेरून वेढा घातल्यासारखं एक पसरट भांडं, ज्यात बर्फ आणि मीठ भरायचं. म्हणजे पाणी फक्त कमरेला थंड होतं. थंड झालेलं पाणी जड असेल तर खाली जाईल आणि खालचा तापमापक उतरेल. हलकं असेल तर वर चढेल आणि वरचा उतरेल. एवढीच युक्ती.

एडिंबरोचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ साली याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यांची हुशारी या साधेपणातच आहे. त्याआधी लोक पाणी काचेच्या नळीत घेऊन पातळी किती उतरते ते पाहत. पण थंडीने काचही आकसते, मग पातळीतला बदल पाण्याचा किती आणि काचेचा किती यावर वाद चाले. होप यांनी पाण्याचं आकारमान मोजलंच नाही. थंड पाणी कुठे जातं एवढंच पाहिलं. त्यात भांडं आकसलं काय, न आकसलं काय, फरक पडत नाही.

## अडचण

पहिला प्रयत्न नोव्हेंबरच्या एका दुपारी केला. नळाचं पाणी २९ अंशांवर होतं, ते तसंच भरलं. मधल्या भांड्यात चुरा बर्फ आणि मीठ. तासाभराने खालचा तापमापक ११ अंशांवर येऊन थांबला आणि बर्फ संपला. वरचा २६ च्या खाली आलाच नाही.

हे का झालं ते फळ्यावरच काढलं. दीड लिटर पाणी २९ वरून ४ वर आणायला साडेसदतीस हजार कॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो, म्हणजे पावणेपाचशे ग्रॅम बर्फ नुसता त्यासाठीच. भांड्यात मावत होता साधारण तेवढाच, आणि त्यातला बराचसा बाहेरच्या हवेनेच वितळवला. ही चूक माझी होती आणि सरळ होती. पुस्तकातल्या आकृतीत हवेचं तापमान लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या प्रयत्नाला आम्ही शहाणे झालो. पाणी आदल्या रात्रीपासून मासळीच्या थर्मोकोलच्या पेटीत, बर्फाने वेढलेल्या बाटल्यांत ठेवलं. सकाळी ते १२ अंशांवर होतं. नळकांड्याभोवती गोणपाट गुंडाळलं. सकाळी सातला सुरुवात केली. मधल्या भांड्यात वजनाने तीन भाग चुरा बर्फ आणि एक भाग जाडं मीठ घातलं.

खालचा तापमापक झपाझप उतरू लागला. १२, ९, ६, ५. मुलं भोवती उभी होती. ४ आला. मी म्हटलं, “आता बघा, इथे थांबेल.”

तो थांबला नाही. ३ झाला, २ झाला, ० झाला आणि चाळीस मिनिटांनी उणे दीडवर गेला. वरचा तापमापक तोवर ९ अंशांवर ढिम्म बसून होता.

“सर, हो चाराखाली गेलो!” एक मुलगा ओरडला. दुसऱ्याच्या जर्नलमध्ये तोवर ‘खालचा तापमापक ४ अंशांवर स्थिर होतो’ हे निरीक्षण लिहून झालंही होतं. प्रयोग सुरू होण्याआधीच लिहिलं होतं, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

## समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तोच, जो बहुतेक वेळा घेतला जातो. जर्नलमध्ये चार लिहायचं आणि पुढे जायचं. मुख्याध्यापिका बाईंनी तो बोलूनही दाखवला. “परीक्षेत उत्तर चारच अपेक्षित आहे ना सर? मग मुलांचा गोंधळ कशाला वाढवायचा?” त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात सराव परीक्षा होती आणि माझे तीन तास आधीच गेले होते. पण वर्गासमोर शून्याखाली गेलेला तापमापक मी नाहीसा करू शकत नव्हतो. मुलांना सांगितलं, दिसलं ते लिहा, तारीख घाला, आणि खाली अर्धं पान मोकळं सोडा.

मग दोष कशात असेल याची यादी केली. तापमापक चुकीचा असेल. बर्फ-मिठाचं मिश्रण फारच थंड असेल, म्हणजे खालचं पाणी थेट पत्र्यातूनच थंड होत असेल. किंवा पाण्यातच काही असेल. चौथी शक्यता एका मुलीने मांडली, पुस्तक चुकीचं असेल. तीही यादीत लिहिली.

यांपैकी आधी कशाची तपासणी करायची हा खरा निर्णय होता. मी स्वस्त आणि लवकर होणारी तपासणी आधी घेतली. आता वाटतं, क्रम उलटा हवा होता, पण त्याबद्दल पुढे.

## काय केलं

तापमापक तपासायला स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये थोड्या पाण्यासह भरला आणि दोन्ही तापमापक त्यात दहा मिनिटं ठेवले. वितळत्या शुद्ध बर्फाचं तापमान शून्य असतं, त्यामुळे यापेक्षा भरवशाची खूण शाळेत मिळत नाही. एक शून्यावर आला, दुसरा, म्हणजे खालचा, अर्धा अंश वर दाखवत होता. म्हणजे चूक होती, पण उलट्या दिशेची. खालचं पाणी प्रत्यक्षात आणखी अर्ध्या अंशाने थंड होतं. तापमापक सुटला.

पत्र्यातून थेट थंडी जात असेल या शंकेने थोडा वेळ खाल्ला. पत्रा उष्णता वाहतो हे खरं, पण तसं असतं तर वरच्या बाजूलाही तेवढीच थंडी पोचायला हवी होती. वेढा बरोबर मधोमध आहे. वर ९ आणि खाली उणे दीड, हा फरक पत्र्याने पडणार नाही. पाणीच खाली जात होतं. ४ अंशांच्याही खालचं थंड पाणी, जे पुस्तकाप्रमाणे हलकं होऊन वर जायला हवं, ते जड राहून तळाशी चाललं होतं.

इथे आमचे शिपाईमामा उपयोगी पडले. नळकांडं रिकामं करताना त्यांच्या हातावर पाणी सांडलं. हात सुकल्यावर ते म्हणाले, “सर, ह्यां पाणी खारां झालां हा.” हातावर पांढुरकी झाक उठली होती. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ती झाक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

आम्ही तरी प्रयोगशाळेतून खात्री केली. वरच्या भोकातून आणि तळातून घेतलेलं पाणी दोन परीक्षानळ्यांत घालून सिल्व्हर नायट्रेटचे दोन-दोन थेंब टाकले. वरच्या नळीत किंचित दुधाळपणा आला, तेवढा आमच्या नळाच्या पाण्यालाही येतो. तळाच्या नळीत दह्यासारखा पांढरा साका बसला. तळाच्या पाण्यात मीठ होतं, वरच्यात नव्हतं.

मीठ आलं कुठून हे शोधायला मधल्या भांड्यात मिठाऐवजी पोटॅशियम परमँगनेटचं गडद जांभळं पाणी भरलं आणि आतल्या नळकांड्यात साधं पाणी. मधल्या सुट्टीपर्यंत तसंच ठेवलं. सुट्टीनंतर वरून डोकावलं तर आतल्या भिंतीवरून एक जांभळी तार खाली उतरत होती. वेढा आणि नळकांडं जिथे डाग देऊन जोडलं होतं तिथे केसाएवढी फट होती. एवढ्या फटीने पाणी गळताना दिसत नाही, कारण दोन्हीकडे पाणीच असतं.

मग तो प्रश्न आला ज्यासाठी मी हे लिहितो आहे. केसाएवढ्या फटीतून येणारं मीठ असं किती असेल? चिमूटभर. चिमूटभर मिठाने पाण्याचा स्वभाव बदलतो?

आकडे काढले. ४ अंशांचं एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ९९९.९७ किलो भरतं. शून्य अंशाचं ९९९.८४ किलो. फरक १३० ग्रॅम. हजार लिटरमागे एक पेला पाण्याएवढाही नाही. आणि हजार लिटर पाण्यात १७०-१८० ग्रॅम मीठ विरघळवलं की तेवढ्याच जागेतल्या पाण्याचं वजन या १३० ग्रॅमएवढंच वाढतं. म्हणजे आमच्या दीड लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास मीठ पुरे, शून्य ते चार अंशांमधला सगळा फरक पुसून टाकायला. फट दर मिनिटाला एक थेंब खारं पाणी सोडत असेल तरी पुष्कळ झालं.

मला स्वतःला हा आकडा तोवर माहीत नव्हता. वीस वर्षं शिकवताना मी ‘४ अंशांना पाण्याची घनता सर्वाधिक’ असं म्हणत आलो, आणि मनात कुठेतरी तो फरक मोठा आहे असंच धरून होतो. तुलनेसाठी, आपल्याकडच्या गरम पाण्यात २९ वरून ३० अंशांवर गेलं तरी हजार लिटरमागे ३०० ग्रॅम फरक पडतो. इथल्या एका अंशाला जेवढं महत्त्व आहे त्याच्या निम्म्यानेही शून्य ते चारचे चारही अंश भरत नाहीत. तरी आख्ख्या तळ्याची थंडीतली मांडणी त्याच एवढ्याशा फरकावर टिकून असते.

## निर्णयाचा दुसरा टप्पा : खारं पाणी मुद्दाम घ्यायचं का?

फट बुजवायचं सोपं होतं. एम-सील लावलं, दिवसभर वाळू दिलं, जांभळ्या पाण्याने पुन्हा तपासलं. पण त्याआधी वर्गातल्या एका मुलाने, ज्याच्या घरी होडी आहे, विचारलं, “सर, समुद्राच्या पाण्यान करून बघूया काय?”

वेळ नव्हता. तरीही हो म्हटलं, आणि या प्रकरणातला तो सगळ्यात चांगला निर्णय होता. बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं, पेटीत रात्रभर गार केलं, दुरुस्त केलेल्या उपकरणात भरलं. आता फट नव्हती. निकाल मात्र हुबेहूब फसलेल्या प्रयोगासारखा आला. खालचा तापमापक चार ओलांडून शून्याखाली, वरचा जागच्या जागी. आमच्या फुटक्या उपकरणाने आठवडाभर आधीच समुद्र करून दाखवला होता.

कारण असं. पाण्याचा रेणू गोठताना चार शेजाऱ्यांचे हात हायड्रोजन बंधांनी धरतो आणि मध्ये पोकळी असलेली रचना तयार होते. रिंगण धरलेली माणसं जागा जास्त अडवतात, रिंगण मोडलं की तोच घोळका थोडक्या जागेत मावतो. बर्फ वितळला तरी सगळी रिंगणं लगेच मोडत नाहीत. शून्याच्या जरा वर ती काही प्रमाणात बनत-मोडत राहतात. पाणी तापवत गेलं की ती कमी होतात, म्हणून पाणी आकसतं. त्याच वेळी रेणूंची धावपळ वाढते, म्हणून ते फुगतं. चार अंशांपर्यंत पहिलं वरचढ असतं, पुढे दुसरं. मिठाचे आयन मध्ये घुसले की ते शेजारच्या रेणूंना आपल्याकडे ओढतात आणि ही रिंगणं जमू देत नाहीत. मग सर्वाधिक घनतेचं तापमान खाली सरकतं. लिटरमागे १० ग्रॅम क्षार असतील तर ते दोन अंशांच्या आसपास येतं. पंचवीसेक ग्रॅमला ते गोठण्याच्या तापमानाला जाऊन मिळतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, त्यामुळे त्याला चार अंशांसारखा थांबा उरतच नाही. ते उणे १.९ अंशांना गोठेपर्यंत थंड होत जड होत राहतं.

समुद्र तरी वरूनच गोठतो. बर्फ बनताना मीठ बाहेर ढकललं जातं आणि बर्फ पाण्याहून हलका राहतो. म्हणजे समुद्राला तरंगणारा बर्फ आहे, पण चार अंशांची युक्ती नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात त्या एकाच परिच्छेदात येतात आणि मुलंच काय, शिक्षकही त्यांना एक समजतात. मीही समजत होतो.

## निकाल

चौथा प्रयत्न डिसेंबरात, सकाळी साडेसहाला, फट बुजवलेल्या उपकरणात, पावसाचं साठवलेलं गोडं पाणी १२ अंशांना गार करून. गोणपाटाऐवजी उपकरण लाकडाच्या भुशाने भरलेल्या खोक्यात ठेवलं. बर्फाच्या लाद्या ज्या भुशात ठेवतात तोच. खालचा तापमापक वीस मिनिटांत साडेचारवर आला आणि तिथेच राहिला. त्याची अर्ध्या अंशाची चूक वजा केली तर बरोबर चार. वरचा तोवर १० च्या आसपास होता. मग तो उतरू लागला आणि तासाभरात शून्यावर आला. वरच्या पाण्यावर बर्फाची पातळ पापडी धरली. खालचा तेवढा वेळ चारावरच.

आता तळ्याकडे. कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाने एक आक्षेप घेतला होता, तो आधी सोडवावा लागला. “आमच्या फ्याक्टरीत बर्फ बाजूक धरता, वर नाय.” त्याचं खरं आहे. कारखान्यात पाण्याचे डबे थंड खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवलेले असतात. थंडी बाजूंनी येते म्हणून बर्फ बाजूंनी आत वाढतो, आणि शेवटी मधे गोठणाऱ्या भागात हवा अडकून लादीचा गाभा पांढरा दिसतो. तळ्याला थंडी फक्त वरून मिळते. काश्मीरमधल्या डल सरोवराच्या बाजू आणि तळ म्हणजे जमीन, ती उबदारच असते. म्हणून तळ्याचा प्रश्न असा की वर थंड झालेलं पाणी कुठे जातं.

शरदात ते जड होऊन खाली जातं आणि खालचं वर येतं. हे चालू असताना वरच्या पाण्यातला ऑक्सिजनही तळापर्यंत पोचतो. सगळं तळं चार अंशांवर आलं की ही उलाढाल थांबते. पुढे थंड होणारं पाणी हलकं होतं आणि वरच राहतं. तेवढाच पातळ थर शून्यावर येऊन गोठतो. खालचं पाणी चारावर असतानाच बर्फ धरू लागतो. म्हणजे चार अंशांचा उपयोग, बर्फ लवकर आणि वरच सुरू होणं.

त्यापुढचं काम तरंगणारा बर्फ करतो. हवा आणि बर्फाचा वरचा पृष्ठभाग दोन्ही उणे दहा अंशांवर स्थिर धरले आणि बर्फावर हिम नाही असं मानलं, तर पहिल्या दिवसात साधारण ११ सेंटीमीटर जाडी होते. २२ सेंटीमीटर व्हायला मात्र दोन नव्हे, चार दिवस लागतात. मीटरभर जाडीला सुमारे ८० दिवस. प्रत्येक नवा थर गोठताना सोडलेली उष्णता आधीच्या सगळ्या जाडीतून बाहेर काढावी लागते, म्हणून बर्फ जितका जाड तितका त्याचा वेग मंद. बर्फ बुडाला असता तर वरचं पाणी सतत उघडं राहिलं असतं, दर रात्री पहिल्या रात्रीइतकाच बर्फ बनला असता आणि तळाशी साचत गेला असता. उन्हाळ्यात तो वितळवायलाही त्रास, कारण ऊब वरून येते आणि गरम पाणी वरच तरंगतं.

माझं मत विचाराल तर माशांना वाचवण्याचं मोठं श्रेय तरंगणाऱ्या बर्फाचं आहे. चार अंशांचा वाटा खरा, पण तो लहान आणि नाजूक. आमच्या चिमूटभर मिठाने तो पुसला गेला. समुद्रात तो नाही, तरी तिथे मासे आहेत.

आणखी दोन मर्यादा मुलांना सांगितल्या, कारण पुस्तकात त्या येत नाहीत. तळाशी नेमके चार अंश असतीलच असं नाही. १३० ग्रॅमच्या फरकाने टिकलेले थर जोरदार वारा सहज ढवळतो, त्यामुळे मोठ्या, उघड्या तळ्याचं पाणी बर्फ धरण्याआधी दोन-तीन अंशांपर्यंत थंड झालेलं असू शकतं. दुसरी मर्यादा जास्त गंभीर. उथळ, गाळाने भरलेल्या तळ्यावर बर्फ आणि त्यावर जाड हिम साचलं की प्रकाश आत जात नाही. वनस्पती ऑक्सिजन देत नाहीत, गाळातलं कुजणं मात्र चालू राहतं, आणि पाणी चार अंशांवर असूनही मासे गुदमरून मरतात. थंड देशांतल्या मत्स्यव्यावसायिकांना हा धोका ठाऊक असतो. काही जण तो टाळायला तळ्यात हवा सोडतात. अगदी उथळ डबकी तर तळापर्यंत गोठतात, तिथे चार अंशांचाही उपयोग नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

गळतीची तपासणी सगळ्यात आधी करायला हवी होती. जुनं, डाग दिलेलं उपकरण कपाटातून काढलं की मधल्या वेढ्यात रंगीत पाणी भरून तासभर ठेवायचं, आतलं पाणी रंगलं का ते बघायचं. मी तापमापकापासून सुरुवात केली, कारण ते दहा मिनिटांचं काम होतं. पण जिथे घनतेतला फरक इतका लहान आहे तिथे मीठ हा पहिला संशयित ठरायला हवा होता. ओळखायची खूण सोपी आहे. खालचा तापमापक चाराच्या बराच खाली गेला आणि वरचा उतरलाच नाही, तर पाणी खारं आहे. तापमापकच चुकीचा असेल तर तो थांबेल, फक्त चाराऐवजी साडेतीन किंवा पाचवर.

इथल्या हवेत पाणी आधी गार करणं अटळ आहे, आणि ते पाणी गोडंच हवं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होतं. तेवढ्या मिठाने थांबा काही दशांश अंशच खाली सरकेल, पण वरच्या-खालच्या पाण्यात मिठाचा फरक पडला तर प्रयोग फसेल. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम.

एक गोष्ट मी पुन्हा तशीच करीन. समुद्राच्या पाण्याचा प्रयोग आता दरवर्षी गोड्या पाण्याच्या शेजारी करतो, दोन सकाळी लागून. मुलं आधी अंदाज लिहितात. यंदा पस्तिसांपैकी तिघांनीच समुद्राच्या पाण्याला थांबा नसेल असं लिहिलं. तिघांच्याही घरी होड्या आहेत. त्यातल्या एकीला कारण विचारलं तर ती म्हणाली, पावसाळ्यात खाडीत पुराचं गोडं पाणी वर राहतं आणि भरतीचं खारं खालून आत शिरतं, खोल सोडलेलं जाळं खाऱ्या पाण्यातच असतं. मिठाचं वजन तिला माहीत होतं, आम्ही फक्त आकडा दिला.

जर्नलमधलं ते मोकळं अर्धं पान बहुतेकांनी भरलं. ज्याने निरीक्षण आधीच लिहून ठेवलं होतं, त्याने ते खोडलं नाही. खाली दुसरी तारीख घालून लिहिलं : ‘खालचा तापमापक -१.५. कारण डागाला फट.’